एच-प्याद्याच्या दोन चाली: फिशर विरुद्ध म्याग्मारसुरेन, १९६७

दोन्ही राजांनी एकाच बाजूला कॅसलिंग केलं असेल, तर राजासमोरची प्यादी हलवू नका, असं प्रत्येक नवशिक्याला शिकवतात. ते बरोबरच शिकवतात. विरुद्ध बाजूंना कॅसलिंग झालेलं असतं तेव्हा एच-प्यादं फेकायला फार विचार लागत नाही, कारण ते आपल्या राजापासून लांब असतं. पण राजा जी१ वर बसलेला असताना एच२ वरचं प्यादं पुढं काढणं म्हणजे आपल्याच घराची भिंत काढून समोरच्याच्या भिंतीवर फेकणं. कधी ते चालतं आणि कधी अंगाशी येतं, हे कळायला एक डाव सविस्तर पाहावा लागतो. त्यासाठी मला बॉबी फिशर आणि मंगोलियाचा ल्हामसुरेन म्याग्मारसुरेन यांच्यातला डाव सगळ्यात उपयोगी वाटतो. त्यात पांढऱ्याचं एच-प्यादं फक्त दोनदा हलतं: अकराव्या चालीला आणि सत्ताविसाव्या चालीला. त्या दोन चालींमधल्या काळात जे घडलं, तेच या प्रकरणात पाहायचं आहे.

डाव १९६७ च्या इंटरझोनल स्पर्धेतला, ट्युनिशियातल्या सूस शहरात झालेला. इंटरझोनल म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या आव्हानवीर फेरीसाठीची पात्रता स्पर्धा. फिशर आघाडीवर असताना आयोजकांशी बिनसून स्पर्धा सोडून गेला आणि शेवटी बेंट लार्सननं ती जिंकली. स्पर्धा सुटली, पण हा डाव टिकला. पट मांडून किंवा संगणकात टाकून सोबत चाला:

```
1.e4 e6 2.d3 d5 3.Nd2 Nf6 4.g3 c5 5.Bg2 Nc6
6.Ngf3 Be7 7.O-O O-O 8.e5 Nd7 9.Re1 b5 10.Nf1 b4
11.h4 a5 12.Bf4 a4 13.a3 bxa3 14.bxa3 Na5 15.Ne3 Ba6
16.Bh3 d4 17.Nf1 Nb6 18.Ng5 Nd5 19.Bd2 Bxg5 20.Bxg5 Qd7
21.Qh5 Rfc8 22.Nd2 Nc3 23.Bf6 Qe8 24.Ne4 g6 25.Qg5 Nxe4
26.Rxe4 c4 27.h5 cxd3 28.Rh4 Ra7 29.Bg2 dxc2 30.Qh6 Qf8
31.Qxh7+ 1-0
```

आता काळ्याच्या दहाव्या चालीनंतर थांबा. ही मांडणी 'किंग्ज इंडियन अटॅक' नावानं ओळखली जाते. पांढऱ्याचं प्यादं ई५ वर आहे, काळ्याची डी५ आणि ई६ वर. मधला भाग बंद आहे. ई५ च्या प्याद्यानं काळ्याचा घोडा एफ६ वरून हुसकून लावला आहे, म्हणजे एच७ चा नेहमीचा राखणदार जागेवर नाही. काळा वजिराच्या बाजूला प्यादी रेटतो आहे, पांढऱ्याला राजाच्या बाजूला काहीतरी करायचं आहे. इथं फिशर ११.एच४ खेळतो.

या चालीनं काय मिळतं ते सगळेच सांगतात: जी५ ताब्यात येतं, घोड्याला एच२ वरून जी४ कडं जाण्याची वाट मिळते, आणि पुढं एच५-एच६ करून काळ्याच्या राजाभोवतीची काळी घरं कमकुवत करता येतात. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. या चालीनं काय सुटतं? जी-प्यादं आधीच जी३ वर आहे, आता एच-प्यादं एच४ वर गेलं. म्हणजे जी४ हे घर यापुढं पांढऱ्याच्या एच-प्याद्याला कधीच राखता येणार नाही, कारण प्यादी मागं येत नाहीत. मग तिथं काळ्याचं कोण येऊ शकतं? सी८ चा उंट येऊ शकला असता, पण त्याच्या तोंडासमोर स्वतःचंच ई६ चं प्यादं आहे. घोडा एफ६ मार्गे आला असता, पण एफ६ वर ई५ च्या प्याद्याचा मारा आहे. तिसरं कुणी जवळपास नाही. म्हणजे पांढऱ्यानं जे घर सोडलं, तिथं पोहोचणारा मोहरा काळ्याकडं नाही. एकाच बाजूला कॅसलिंग असताना एच-प्यादं काढावं की नाही, हे ठरवायला मी सगळ्यात आधी हेच पाहतो: सुटलेलं घर कोणतं आणि तिथं येणारा कोण.

दुसरी गोष्ट ई५ च्या प्याद्याची. काळा ते एफ६ खेळून मोडू शकला, तर मधला भाग उघडेल आणि एच४ ची चाल उलटेल. पण इथं एफ६ केलं की पांढरा ई-प्याद्यानं मारतो, ई-पट्टी उघडते, आणि ई१ वरच्या हत्तीसमोर ई६ चं प्यादं मागासलेलं पडतं. म्हणून काळ्याला ते सहज जमत नाही. बंद मध्य, आणि तो उघडायला लागणारी किंमत, या दोन गोष्टींवर ११.एच४ उभी आहे.

यानंतर बहुतेक खेळाडू हात आवरू शकत नाहीत. प्यादं एच४ वर गेलं की पुढच्या चालीला एच५, मग एच६, अशी घाई होते. फिशरनं ते केलं नाही. काळ्यानं ए५-ए४ केलं, आणि फिशर चक्क तेराव्या चालीला वजिराच्या बाजूला थांबून ए३ खेळला. ज्या बाजूला शत्रू हल्ला करतो, तिथं आपण प्यादं हलवू नये, असा आणखी एक पाठ असतो, आणि तोही इथं मोडला गेला. कारण साधं आहे. काळ्याचं प्यादं ए३ पर्यंत आलं असतं, तर बी-प्याद्याला हलावं लागलं असतं. मग बी४ च्या प्याद्याच्या आधारानं सी३ हे घर काळ्याच्या घोड्याचं झालं असतं आणि ए१ च्या कोपऱ्याकडं जाणारा लांब कर्ण सैल पडला असता. ए३ नंतर बी४ चं प्यादं बदललं गेलं, आणि ए४-ए३ ही धडक कायमची अडली. काळ्याला बी-पट्टी मिळाली खरी, पण तिथून पांढऱ्याच्या राजापर्यंत काही पोहोचत नाही. एका चालीत फिशरनं काळ्याचं सगळ्यात वेगवान हत्यार काढून घेतलं, आणि मग आपल्या कामाला परत लागला.

डावाचं खरं वळण सोळाव्या चालीत आहे आणि ते बरेच जण वाचताना ओलांडून जातात. १५.घोडा ई३ आणि १६.उंट एच३ या चालींनी फिशरनं एक धमकी उभी केली: घोड्यानं डी५ चं प्यादं मारायचं, काळ्यानं ई-प्याद्यानं परत मारलं की ई५-ई६ ढकलायचं. त्यानंतर ई-पट्टी आणि एच३ चा उंट यांच्या वाटेत ई७ चा उंट, डी५ चं प्यादं आणि पुढं कोपऱ्यातला हत्ती असं सगळं येतं. काळ्यानं ती धमकी डी५-डी४ करून संपवली. घोड्यावर हल्लाही झाला, घोडा निमूटपणे एफ१ ला परत गेला. दिसायला काळ्यानं एक चाल कमावली.

पण डी५ वरून ते प्यादं हललं आणि ई४ हे घर पांढऱ्याचं झालं. आतापर्यंत डी५ च्या प्याद्याचा ई४ वर मारा होता, कुठल्याही पांढऱ्या मोहऱ्याला तिथं बसता येत नव्हतं. आता डी३ चं प्यादं ई४ ला आधार देतं आणि काळ्याकडं ते घर हिसकावणारं प्यादं नाही. शिवाय एच१ पासून ए८ पर्यंतचा पांढऱ्या घरांचा लांब कर्णही मोकळा झाला. पुढचा डाव खेळून पाहा आणि मोजा: चोविसाव्या चालीला ई४ वर घोडा येतो, सव्विसाव्या चालीला तिथं हत्ती येतो, आणि मातीच्या शेवटच्या चालीत तिथंच उंट येणार असतो. एच-पट्टीवरचा हल्ला जिंकला तो पटाच्या मध्यावरच्या या एका घरामुळं. म्हणून मी म्हणतो की एच-प्याद्याची ताकद एच-पट्टीवर मोजू नये.

अठराव्या चालीपासून घोडा जी५ वर आला. तिथं त्याला एच४ च्या प्याद्याचा आधार होता. ते प्यादं जागेवर उभं राहूनही काम करत होतं. काळ्यानं एच६ करून घोडा हाकलायचा प्रयत्न केला असता, तर त्याला जायला ई४ होतंच. काळ्यानं त्याऐवजी एकोणिसाव्या चालीला ई७ चा उंट देऊन घोडा मारला. मला ही काळ्याची सगळ्यात महागाची देवाणघेवाण वाटते. ई५ वर पांढरं प्यादं असताना एफ६ आणि एच६ ही काळी घरं राखणारा काळ्याचा मुख्य मोहरा तो उंट होता. तो गेला आणि पांढऱ्याचा त्याच रंगाचा उंट मात्र पटावर राहिला. फिशरनं प्याद्यानं परत न मारता उंटानंच मारलं. त्यात वजिरावर हल्ला होता, म्हणून काळ्याला वजीर हलवावा लागला आणि फिशरला पुढची चाल फुकटात मिळाली: २१.वजीर एच५.

आता तेविसावी चाल पाहा: उंट एफ६. हा उंट मारता येतो, पण जी-प्याद्यानं मारलं की पांढरा ई-प्याद्यानं परत मारतो, एफ६ वर खिळ्यासारखं पांढरं प्यादं रुततं, जी७ वर मातीची धमकी येते आणि डी२ चा घोडा एफ३ मार्गे जी५ कडं निघतो. म्हणून काळ्यानं उंटाला हात लावला नाही आणि वजीर ई८ वर आणला, म्हणजे वेळ आली की एफ८ वर येऊन जी७ राखता येईल. हा बचाव चांगला आहे. पण घोडा ई४ वर येऊन जी५ ची धमकी देऊ लागला तेव्हा काळ्याला जी७-जी६ करावंच लागलं.

इथं एच-प्याद्याचा दुसरा अंक सुरू होतो. एच-प्यादं पुढं नेऊन पट्टी उघडायची असेल, तर समोरच्याचं एखादं प्यादं आपल्याला भिडायला हवं. काळ्याची एफ७, जी७ आणि एच७ ही प्यादी मूळ जागी असताना एच५ चं प्यादं कुणालाच भिडत नाही. ते फार तर एच६ पर्यंत जाऊन जी६ करायला लावतं. जी६ झालं की मात्र एच५ ला धरायला आकडा मिळतो. फिशरनं सोळा चाली वाट पाहिली ती या आकड्यासाठी. आधी त्यानं मोहऱ्यांच्या जोरावर काळ्याला स्वतःच्या हातानं जी६ करायला लावलं, मग प्यादं काढलं. क्लबातल्या डावांत नेमका उलटा क्रम दिसतो: प्यादं आधी एच५ वर जातं, मोहरे मागं राहतात, आणि समोरचा शांतपणे एच६ करून बाजू बंद करतो. मग एच५ चं प्यादं नुसतं राखत बसावं लागतं.

जी६ नंतर पांढऱ्याच्या वजिराला एच५ सोडणं भागच होतं. त्याला दोन चांगल्या जागा होत्या, एच६ आणि जी५. एच६ वर गेला असता तर लगेच मातीची धमकी, पण काळा वजीर एफ८ वर येऊन ती थोपवतो. फिशर जी५ वर गेला. त्यामुळं दोन गोष्टी साधल्या. एच५ हे घर प्याद्यासाठी रिकामं झालं, आणि जी६ चं काळं प्यादं खिळलं, कारण त्याच्यामागं जी८ वर राजा आहे. २७.एच५ खेळल्यावर काळ्याला जी-प्याद्यानं ते मारता येत नाही. मारलं तर जी-पट्टीतून स्वतःच्याच राजाला शह बसतो, म्हणून ती चाल नियमातच बसत नाही. बाजू बंद करायला एच७-एच६ केलं तर वजीर ते प्यादं मारतो आणि जी७ व एच८ अशा दोन्ही घरांवर मात उभी राहते. दोन्हींचा बचाव एका चालीत होत नाही. एच५ चं प्यादं तिथं उभं आहे आणि काळ्याला ना ते मारता येतं, ना टाळता येतं.

आणि प्यादं एच५ वर गेल्यामुळं एच४ रिकामं झालं. तिथं अठ्ठाविसाव्या चालीला हत्ती आला, ई४ वरून आडव्या ओळीनं सरळ. हत्ती निघाल्यामुळं ई४ रिकामं झालं, जे आता उंटाला हवं होतं. प्याद्यानं हत्तीला आणि हत्तीनं उंटाला जागा करून दिली. ही साखळी मी जितक्या वेळा पाहतो तितकी मला आवडते. आपल्याच राजासमोरून एच-पट्टी उघडत असताना ती आपण वापरणार की समोरचा, याचं उत्तरही तिथंच आहे. काळ्याचे हत्ती ए आणि सी पट्टीवर आहेत, उंट आणि घोडा ए६ आणि ए५ वर अडकले आहेत. एच-पट्टीवर काळ्याचा एकही मोहरा दोन-तीन चालींत येऊ शकत नाही. पांढऱ्याचा राजा जी१ वर, एफ२ आणि जी३ च्या प्याद्यांमागं, सुरक्षित आहे.

एच५ नंतर लगेच जी६ वर मारण्याचा मोह होतो. २८.एच-प्याद्यानं जी६ मारलं असतं तर काळा एफ-प्याद्यानं परत मारतो, सातवी ओळ मोकळी होते आणि काळ्याचा ए८ चा हत्ती ए७ वर येऊन थेट एच७ पर्यंत राखतो. म्हणून फिशरनं ताण तसाच ठेवला आणि आधी हत्ती एच४ वर आणला. आता काळ्यानं नुसतं सी२ चं प्यादं मारलं असतं, तर मुख्य चालींचा क्रम असा होता: पांढरा जी६ वर मारतो, काळा एफ-प्याद्यानं मारतो, हत्ती एच७ मारून बळी देतो, राजानं घेतलं की वजीर एच४ वर शह देतो, मग एच८ वर, मग जी७ वर मात. म्याग्मारसुरेननं हे पाहिलं आणि २८...हत्ती ए७ खेळला, म्हणजे एफ-प्यादं सरकलं की सातव्या ओळीवरून एच७ राखलं जाईल. ही चांगली, विचारपूर्वक चाल होती.

उत्तर म्हणून २९.उंट जी२ आली. हल्ला ऐन भरात आहे, काळ्याचं प्यादं दोन-तीन चालींत नवा वजीर होऊ पाहतं आहे, आणि पांढरा उंट एच३ वरून एक घर मागं घेतो. काळ्यानं डी-प्याद्यानं सी२ मारलं. आता पुढच्या चालीला सी१ वर वजीर होईल. फिशर ३०.वजीर एच६, जी७ वर मातीची धमकी. जी-प्यादं आता खिळलेलं नाही, पण त्यानं एच५ मारलं तरी जी७ वर मात होतेच. काळ्याला वजीर एफ८ वर आणणं भाग होतं, आणि तिथं ३१.वजीर एच७ मारतो, शह. म्याग्मारसुरेननं डाव सोडला. राजानं वजीर मारला की एच-प्यादं जी६ वर मारतं. हा दुहेरी शह आहे, प्याद्याचाही आणि पट्टी मोकळी झालेल्या हत्तीचाही, म्हणून राजा हलायलाच हवा. जी८ वर गेला तर हत्ती एच८ वर मात देतो, एफ६ चा उंट त्याला राखतो. जी६ वर मारलं तर उंट जी२ वरून ई४ वर येतो आणि मात. उंट एच३ वरच राहिला असता तर ई४ वरची ही मात मिळाली नसती. एकोणतिसाव्या चालीला काळ्यानं सी२ च्या मोहात न पडता आधीच वजीर एफ८ वर आणला असता, तर ही मात टळली असती, कारण मग एच६ वर आलेला वजीर काळ्यानं सरळ मारला असता. तरी ई४ वर उंट येऊन जी६ वरचा दाब वाढतच राहिला असता.

हीच चाल कुठं फसते, हे याच ओपनिंगमध्ये पाहता येतं. समजा पांढऱ्यानं ई५ केलेलं नाही आणि काळ्यानं आधीच डी५ वरून ई४ वर मारून प्यादी बदलली आहेत. आता डी-पट्टी उघडी आहे, काळ्याचा घोडा एफ६ वर बसला आहे. या स्थितीत एच४ केलं की तोच जी४ चा प्रश्न विचारा. एफ६ चा घोडा एका चालीत जी४ वर येतो, एच-प्याद्यानं त्याला हाकलता येत नाही, आणि उघड्या डी-पट्टीवर काळ्याचा वजीर किंवा हत्ती त्याच्या मदतीला येतो. प्यादं तेच, घर तेच, पण आता तिथं पोहोचणारे आहेत. ई५ चं प्यादं नसताना एच४ हा हल्ला राहत नाही, तो फक्त राजासमोरचा खड्डा होतो.

काळ्याच्या बाजूनं पाहिलं तर सूसमधला सगळ्यात उपयोगी धडा सातव्या चालीत आहे. आज या ओपनिंगमध्ये अनेक खेळाडू काळ्याकडून कॅसलिंगची घाई करत नाहीत. राजा ई८ वरच ठेवून आधी बी५-बी४ आणि ए५ करतात, आणि पांढऱ्यानं एच४ केलं की मग ठरवतात. राजा मधोमध असेल तर एच४-एच५ चं लक्ष्यच उरत नाही, आणि एच-प्याद्याला एच७-एच५ करून समोरून अडवणंही शक्य असतं. जी५ घर पांढऱ्याला मिळतं, पण तिथला घोडा ज्याच्यावर मारा करणार तो राजा तिथं नसतो. कॅसलिंग केलंच असेल, तर हत्ती एफ८ वरून ई८ ला नेऊन घोड्याला एफ८ ची वाट मोकळी ठेवणं हा जुना, भरवशाचा बचाव आहे. एफ८ वरचा घोडा एकटाच एच७ राखतो आणि जी६ करायची गरजच भासू देत नाही. या डावात तो घोडा बी६, डी५, सी३ असा फिरत ई४ वर बदलला गेला, आणि एच७ राखायला शेवटी राजाच उरला.